सोबत : एक

सकाळी सव्वासहाला चहाचं आधण ठेवलं आणि मोबाइल बघितला, तर रात्री पावणेबाराला आलेला एक निरोप. एका खेड्यातल्या शाळेला ५० वर्षं होताहेत, माजी विद्यार्थ्यांची समिती स्मरणिका काढते आहे. "मॅडम, सोबतच्या नमुन्याप्रमाणे, त्याच शैलीत, आमच्या सरांवर ६०० शब्द लिहून द्यावेत. माहिती खाली देत आहे. शनिवारपर्यंत मिळाल्यास बरे होईल." खाली दहा-बारा ओळींत सरांचं आयुष्य. जन्म, गाव, नोकरीला कधी लागले, निवृत्त कधी झाले, गेले कधी. मधेच एक ओळ : "सरांनी शाळेमागे ४० झाडे लावली. ११ जगली." त्याखाली नमस्काराचे जोडलेले हात. आणि सोबत काहीच नाही.

मी वर गेले, खाली आले. फोटो नाही, कागद नाही.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक बघायचे. सरकारी पत्राच्या तळाशी डावीकडे "सोबत : एक" किंवा "सोबत : वरीलप्रमाणे" असं लिहिलेलं असतं. लखोटा फोडला की वडील पत्र वाचायच्या आधी ती तळाची ओळ बघायचे आणि मागचे कागद मोजायचे. एक कमी निघाला तर पत्र आवक नोंदवहीत चढवायच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, सोबतचा कागद नाही. मी लहानपणी विचारलं होतं, इतकी घाई कशाला? म्हणाले, आज लिहिलं तर कागद आलाच नव्हता. उद्या लिहिलं तर कागद आमच्याकडून हरवला.

तेव्हा पहिलं काम तेच केलं. एक ओळ पाठवली : "काका, नमुना पोचला नाही, फक्त मजकूर आला आहे. त्या पानाचा फोटो पाठवता का?" नमस्कार-चमत्कार, आपण माझी आठवण ठेवलीत वगैरे काही नाही. अशा निरोपात गोड बोलणं वाढवलं की मुद्दा त्यात बुडतो, आणि समोरचा फक्त "धन्यवाद" म्हणून मोकळा होतो. हा अनुभव आहे.

नमुना गळतो कसा, हे आता मला पाठ झालंय. ई-मेलला कुणी नुसतं "उत्तर द्या" दाबून त्यात माझा पत्ता घातला, तर मूळ पत्राचा मजकूर माझ्यापर्यंत येतो, पण त्याला जोडलेली फाइल येत नाही. ती यायला "पुढे पाठवा" दाबावं लागतं. फोनवर तर मजकूर वेगळा आणि फोटो वेगळा. बोटाने मजकूर निवडला जातो, फोटो तिथेच राहतो. पण यात पाठवणाऱ्याचा निष्काळजीपणा असतो असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ते पान असतंच. त्याने ते चारदा वाचलेलं असतं, आवडलेलं असतं, म्हणून तर तो "सोबत" हा शब्द इतक्या खात्रीने लिहितो. समोरच्याला ते दिसत नसेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

इतक्या सकाळी फोन करता येत नाही. चहा घेऊन बसले आणि नेहमीचा मोह झाला. माहिती आहे, शब्दसंख्या आहे, शिक्षकांवर मी आजवर बरेच लेख लिहिले आहेत. नमुना असून असून कसा असणार? सुरू तर करू.

हा मोह मला एकदा महागात पडलाय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं असंच काम होतं. त्यांच्या संस्थापकांवर लेख, "आधीच्या लेखांच्या शैलीत". आधीचे लेख आलेच नाहीत. दोनदा विचारलं, "पाठवतो" म्हणाले, मुदत जवळ आली आणि मी अंदाजाने लिहिलं. संस्थापकांचं बालपण, शिक्षण, संस्थेची स्थापना, अडचणी. लेख वाईट नव्हता. तो गेल्यावर तिकडून बाकीच्या लेखांची जुळवलेली पानं आली. सगळे लेख पत्रं होती. प्रत्येकाने गेलेल्या माणसाला उद्देशून लिहिलं होतं, "तुम्ही" म्हणून.

मला वाटलं, एका तासाचं काम आहे. "ते" काढायचं, "तुम्ही" घालायचं. "त्यांनी संस्था उभारली" याचं "तुम्ही संस्था उभारलीत" करायचं. पहिल्याच परिच्छेदात अडकले. "तुमचा जन्म अमुक गावी एका शेतकरी कुटुंबात झाला." हे त्या माणसाला सांगायचं? त्याला ते माहीत नाही? पत्रातला वाचणारा सगळं जाणतो, म्हणून त्याला माहिती देता येत नाही. देता येतं ते फक्त त्याला ठाऊक नसलेलं. त्याच्या पाठीमागे काय झालं, आपण त्याच्यापासून काय लपवलं, तो गेल्यावर काय घडलं. माझ्या लेखातली तीन चतुर्थांश वाक्यं माहिती देणारी होती. ती सगळी गेली. नवीन लिहायला लागणारा ऐवज माझ्याकडे नव्हताच, कारण मी तो कुणाला विचारलाच नव्हता. मी जन्मसाल विचारलं होतं. त्यांच्यापासून काय लपवलं होतंत, हे विचारलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. शैली म्हणजे तयार मजकुरावर चढवायचा अंगरखा, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर नमुना नंतर आला तरी बिघडलं नसतं. मजकूर आधी शिवून ठेवता आला असता. पण नमुना नसला की कसं लिहायचं एवढंच अडत नाही, कुणाला काय विचारायचं तेही अडतं.

आज हातात ती चाळीस झाडांची ओळ आहे, तिच्यावरच बघते. स्मरणिकेत चालेल अशी एक शैली अहवालाची :

"शाळेच्या मागील मोकळ्या जागेत सरांच्या प्रेरणेने ४० रोपांची लागवड करण्यात आली. विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात पाणी घालून त्यांचे संवर्धन केले. त्यापैकी ११ वृक्ष आजही शाळेच्या परिसराची शोभा वाढवीत आहेत."

दुसरी, आठवणीची :

"चाळीस रोपं लावली सरांनी. प्रत्येकाला एक रोप, एक डबा. माझं मेलं. मी ते कुणाला सांगितलं नाही, आठवडाभर शेजारच्याच्या रोपाला दोनदा पाणी पडत होतं. सर रोज तिथून जायचे. काही बोलले नाहीत."

तिसरी, पत्राची :

"सर, तुम्ही गेल्यावर आम्ही झाडं मोजली. अकरा आहेत. तुम्ही नेहमी बारा सांगायचात. बारावं कुठलं, यावर आमचं अजून भांडण चालू आहे."

तिन्हींच्या बुडाशी एकच ओळ आहे, ४० लावली, ११ जगली. आता बाकीची २९ कुठे गेली ते बघा. अहवालात ती "त्यापैकी" या एका शब्दात गाडली गेली. तिथे कुणाचंच रोप मरत नाही. "लागवड करण्यात आली" या रचनेत लावणारा हातच नाही, तर मारणारा कुठून असणार? आठवणीत मेलेलं एक रोप हाच सगळा विषय झाला. पत्रात मेलेल्यांचा प्रश्नच नाही, जगलेल्यांच्या हिशेबावर वाद आहे. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या उताऱ्यातलं बहुतेक सगळं मी आत्ता रचलंय. डबा, शेजारचं रोप, बारावं झाड. मी त्या शाळेत नव्हते. अहवाल मला आलेल्या माहितीवर लिहिता येतो, थोडी शोभा वाढवून. आठवण लिहायची तर ज्याचं रोप मेलं तो माणूस शोधायला हवा. पत्र लिहायचं तर सरांशी ज्याचा वाद राहून गेला तो शोधायला हवा. मी यातलं कुठलं काम करायचं, ते न आलेलं पान ठरवणार आहे.

नमुना नसताना हात स्वस्थ बसत नाही, हेही खरं. तो काहीतरी लिहितो, आणि ते आपल्याला बिनशैलीचं, स्वच्छ, सगळीकडे चालेल असं वाटतं. मी एकदा जुनी कामं चाळताना नमुन्याशिवाय लिहिलेले चार लेख एकापाठोपाठ वाचले. चार संस्था, चार माणसं. तीन लेखांची सुरुवात एका सकाळने होत होती. चारहीमध्ये "शिस्त" आणि "माया" एकाच वाक्यात होते, मधे "पण" घालून. दोघांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली होती. म्हणजे ती सर्वसाधारण शैली वगैरे काही नव्हती, ती माझी सवय होती. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तशी ही सवय आपल्याला दिसत नाही. दिसते ती मागवणाऱ्याला. पण तो बिचारा भिडस्त असतो. तो म्हणतो, "छान झालाय लेख." मग थोडं थांबून, "फक्त आमच्या अंकातला वाटत नाही." हे दुसरं वाक्य ऐकायला मी आता शिकले आहे. पहिलं वाक्य नुसतं दार उघडण्यासाठी असतं.

आठ वाजता फोन लावला. काका शेतावर होते, मागे मोटरचा आवाज. नमुना पाठवला नाही हे त्यांना पटेना. "दिलाय की मॅडम, कालच दिलाय." मग बघून म्हणाले, "हां, तो आमच्या ग्रुपवर टाकलाय. घरी गेल्यावर पाठवतो." मी विचारलं, तोवर सांगा तरी, कशा प्रकारचा आहे?

"एकदम साधी भाषा आहे. ओघवती. मनाला भिडणारी."

ही तीन विशेषणं मला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या लेखांबद्दल मिळाली आहेत, की आता ती ऐकली की मी काहीच टिपत नाही. चूक सांगणाऱ्याची नाही. वाचणाऱ्याला परिणाम कळतो, तो तेवढंच सांगणार. गोड लागलं म्हणेल. गूळ होता की साखर, हे त्याला विचारायचं नसतं, तो डबा बघायचा असतो. म्हणून विशेषणं मागायची नाहीत. उत्तर नुसतं बघून देता येईल असं विचारायचं. लिहिणारा स्वतःला "मी" म्हणतो, "आम्ही" म्हणतो, की स्वतःचा उल्लेखच करत नाही? सरांना "सर" म्हटलंय की पूर्ण नावाने, की "गुरुजी"? सुरुवात जन्मापासून आहे की एखाद्या प्रसंगापासून? शेवटचं वाक्य कशाबद्दल आहे? एवढं कळलं तरी अर्धं पान डोळ्यांसमोर येतं. काकांनी आठवून आठवून सांगितलं, "मी" आहे, सुरुवात "कुठल्यातरी कुलपापासून" आहे, शेवट आठवत नाही.

कुलपापासून! साध्या-ओघवत्यापेक्षा हे एक कुलूप मला जास्त उपयोगाचं होतं.

एक गोष्ट मात्र फोनवर विचारून भागत नाही, आणि मराठीत ती फार महत्त्वाची आहे. लेखात "केले, गेले, असे" आहे की "केलं, गेलं, असं"? साहित्य महामंडळाच्या १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांचा कल सरळ आहे. लेखनात "केले", आणि पात्राच्या तोंडी बोलणं घालायचं असेल तिथे "केलं" चालेल. पण गेल्या कित्येक वर्षांत ललित लेख, सदरं, आठवणी सर्रास "केलं" वर गेल्या आहेत, ही चिंतनिकाही त्यातच आहे. संस्थांचे अहवाल, वृत्तान्त, मानपत्रं "केले" वर आहेत. एका टिंबाने लेख व्यासपीठावरून खाली ओट्यावर येतो. आता हे फोनवर विचारलं आणि समोरच्याने वाचून दाखवलं, की तो छापलेलं "केले" सुद्धा "केलं" असंच वाचतो, कारण आपण बोलतो तसं. शाळेत मोठ्याने वाचायची सवय असलेला शिक्षक उलट करतो, छापलेलं "केलं" असलं तरी खणखणीत "केले" म्हणतो. मी दोन्ही प्रकारे फसले आहे. तेव्हा कानावर जायचं नाही, पानाचा फोटोच हवा, अंधूक असला तरी चालेल.

आणि फोटो शनिवारपर्यंत आलाच नाही तर? तसंही होतं. माणूस आजारी पडतो, ग्रुपवरचा फोटो उडून जातो. अशा वेळी मी ६०० शब्द लिहीत नाही. शंभर-सव्वाशे लिहिते, एकच प्रसंग, आणि वर एक ओळ टाकते की नमुना मिळाला नाही, आठवणीच्या पद्धतीने, "मी" ठेवून, "केलं-गेलं" धरून लिहिलं आहे, तुमचं वेगळं असेल तर कळवा. शंभर शब्द फेकून द्यायला कुणाला वाईट वाटत नाही, ना त्यांना, ना मला. सहाशे शब्द आले की दोघंही ते वाचवायला बघतात, आणि चुकीच्या पायावर डागडुजी सुरू होते. संस्थेचा जुना एखादा अंक मिळतो का, तेही बघते. मागवणाऱ्याच्या निरोपाची भाषा हाच नमुना धरायचा, असं काही जण करतात. मला तो आधार कच्चा वाटतो. निरोप लिहिताना माणूस कोट घालतो, "लिहून द्यावेत", "मिळाल्यास बरे होईल". हेच काका फोनवर "दिलाय की मॅडम" म्हणाले.

एक मात्र कधी करू नये. न बघितलेल्या नमुन्याच्या नावाने लेख पाठवू नये. "आपण दिलेल्या नमुन्यानुसार लेख सोबत जोडला आहे" असं सवयीने लिहिलं जातं, सभ्यपणा म्हणून. पण त्या वाक्याने समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं, हिने बघून लिहिलंय, म्हणजे नमुन्यात आपल्याला दिसलं ते नव्हतंच बहुतेक. तो स्वतःच्या आवडीवर शंका घेतो आणि अंक एका परक्या लेखासकट छापून टाकतो.

साडेनऊला फोटो आला. जुन्या अंकाचं एक पान, पिवळं पडलेलं, वरचा कोपरा दुमडलेला. शाळेच्या शिपायाने सांगितलेली आणि कुणीतरी उतरवून घेतलेली आठवण. सरांनी पहिल्या दिवशी शाळेचं कुलूप फोडलं, तिथून सुरू. मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात एकच गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक वाक्य "मग" ने सुरू होतं. मग सर आले. मग किल्ली सापडेना. मग दगड घेतला. माझं बोट लगेच शिवशिवलं. मिळाली शैली, "मग मग" लिहीत सुटायचं.

तिथेच थांबायचं असतं. जे पहिल्या वाचनात डोळ्यांत भरतं ते विडंबनाचं खाद्य. केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, १९२५ साली "झेंडूची फुले" काढली तेव्हा त्यातली गंमत वाचकाला कळली, कारण रविकिरण मंडळाच्या कविता त्याच्या कानांत ताज्या होत्या. नमुना वाचकाकडे होता. विडंबनकार त्यातलं उठून दिसणारं तेवढं उचलतो आणि दामटतो, आणि वाचक हसतो. मी प्रत्येक वाक्याला "मग" लावला असता तर त्या शिपायाचं, नकळत का होईना, विडंबन झालं असतं. तेही त्याच्या शाळेच्या अंकात.

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात जे नाही ते दिसायला लागलं. दोन कॉलमांत सरांना एकही विशेषण नाही. थोर नाही, कडक नाही, प्रेमळ नाही. सरांच्या मनात काय होतं हे कुठेच नाही, फक्त त्यांनी काय केलं आणि ते काय म्हणाले. पैसे आले की आकडा आलाच. नवं कुलूप अडीच रुपयांचं, ते कुणी दिले, कधी परत केले. हात लावला ती प्रत्येक वस्तू नावानिशी. आणि "केले, गेले" आहे, "केलं" नाही. फोनवर विचारलं असतं तर मी उलट धरून बसले असते. शिपायाचं बोलणं उतरवणाऱ्या मास्तरांनी ते प्रमाण मराठीत बसवलं होतं, पण "मग" तेवढे राहू दिले होते. म्हणजे पानावर दोन माणसं होती, सांगणारा आणि उतरवणारा. "मग" सांगणाऱ्याचा, "केले" उतरवणाऱ्याचं. मी दुसऱ्याच कुणाची आठवण लिहिणार, त्याच्या तोंडी शिपायाचा "मग" कशाला? विशेषण न लावणं आणि आकडा न चुकवणं मात्र घ्यायला हवं.

अर्थात एका पानावरून एवढंच म्हणता येतं. आकडा सांगायची खोड त्या शिपायाची होती की त्या अंकाचीच, हे कळायला दुसरं पान हवं. मी मागितलं आहे. एक नमुना मिळाला की माणूस खूश होऊन दुसरा मागायचा विसरतो, मीही विसरायचे.

मग (हा माझा) काकांना पुन्हा फोन केला. आता मला काय विचारायचं ते माहीत होतं. जन्मसाल नको होतं. म्हटलं, काका, ती चाळीस झाडं. कसली होती? रोपं कुठून आणली? पैसे पडले का? पाणी कशाने घालायचात? आणि २९ मेली, ती कुणाकुणाची?

काका जरा वेळ गप्प. मोटर बंद झाली होती. म्हणाले, "कडुलिंब होते सगळे. पाणी डालड्याच्या डब्याने. मेली त्यांची नावं लिहिणार का तुम्ही?"

म्हटलं, लिहू का?

"सगळ्यांची लिहा," ते म्हणाले. "थांबा, वही घेतो. रांगेने सांगतो."